माणशी दर की वापरावर दर? मालवणच्या एका बुकिंग ऑफिसचा बारा महिन्यांचा हिशोब

जूनच्या पहिल्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. बाहेर धो धो पाऊस, पलीकडून तिचा आवाज, "मामा, ह्या बिल खराच आपला काय?" मालवणात तिचं होमस्टे बुकिंगचं ऑफिस आहे. तारकर्ली, देवबाग आणि चिवला या पट्ट्यातल्या बावीस घरांच्या खोल्या ती भाड्याने लावते. पाहुण्यांचे व्हॉट्सॲप, ईमेल आणि वेबसाइटवरचे निरोप एकाच ठिकाणी यावेत आणि सगळ्यांना दिसावेत म्हणून एप्रिलमध्ये तिने एक सॉफ्टवेअर घेतलं. एप्रिल फुकट चाचणीत गेला. मे महिन्याचं पहिलं बिल तिच्या अंदाजाने ८,१०० रुपयांचं यायला हवं होतं, आलं १३,५०० चं.

बिल खरंच होतं. चुकलं होतं ते दर समजून घेण्यात. मग पावसात दोन दिवस तिच्या ऑफिसात बसून आम्ही जो हिशोब केला, तो पायरी पायरीने इथे मांडतो आहे. कंपनीचं नाव सांगत नाही आणि आकडे ढोबळ केलेले आहेत. तुमच्या कंपनीचे दर वेगळे असतील, हिशोबाची रीत मात्र हीच राहील.

आधी दोन दर काय आहेत ते पाहू

माणशी दरात, म्हणजे कंपन्या ज्याला 'पर सीट' म्हणतात त्यात, लॉगिन करणाऱ्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी लागते. त्या माणसाने दिवसाला दोनशे निरोप हाताळले काय किंवा महिनाभर स्क्रीन उघडलीच नाही काय, रक्कम तीच. भाचीला मिळालेला दर सीटमागे महिना ७०० रुपये होता. वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर तीच सीट महिना ५६० ला, म्हणजे २० टक्के सूट.

वापरावरच्या दरात माणसं कितीही असोत, मोजलं जातं ते काम. महावितरणच्या बिलासारखंच आहे हे: स्थिर आकार वेगळा आणि युनिटचे पैसे वेगळे. इथे स्थिर आकार महिना १,५०० रुपये, त्यात ३०० 'संभाषणं' धरलेली, आणि त्यापुढच्या प्रत्येक संभाषणाला ६ रुपये. भाचीने हाच घेतला होता. तिचं म्हणणं होतं, "आमी नऊ माणसां, नऊ सीटीचे पैसे कोण भरतलो?" म्हणणं चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं.

पहिली पायरी: बारा महिने वेगवेगळे लिहा, सरासरी काढू नका

कोकणातल्या धंद्याला सरासरी लावणं म्हणजे पावसाची सरासरी काढून मे महिन्यात छत्री घेऊन फिरणं. होड्या आणि स्कूबा पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर फोन क्वचित वाजतो. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिन्यात मात्र जेवायला फुरसत नसते. तिच्या जुन्या वह्या आणि फोनमधल्या चॅट उघडून आम्ही दर महिन्याला किती पाहुण्यांनी चौकशी केली ते मोजलं. एक पाहुणा, एक चौकशी, असा नियम ठेवला.

| महिना | चौकशा |
|---|---|
| जानेवारी | ७०० |
| फेब्रुवारी | ४५० |
| मार्च | ४०० |
| एप्रिल | ९०० |
| मे | १,४०० |
| जून | २०० |
| जुलै | १०० |
| ऑगस्ट | १५० |
| सप्टेंबर | २५० |
| ऑक्टोबर | ८०० |
| नोव्हेंबर | १,००० |
| डिसेंबर | १,२५० |

वर्षाची बेरीज ७,६००. एक्सेलमध्ये महिन्यांच्या चौकशा बी रकान्यात टाका आणि शेजारी हे सूत्र लिहा:

```
=1500+MAX(0,B2-300)*6
```

बारा महिन्यांची बेरीज ४५,००० रुपये येते. आता हाच हिशोब सरासरीवर करून बघा. ७,६०० पैकी वर्षाची ३,६०० संभाषणं स्थिर आकारात गेली, उरली ४,०००, त्यांचे २४,००० रुपये आणि स्थिर आकाराचे १८,०००, म्हणजे ४२,०००. हा तीन हजारांचा फरक पावसाळ्याचा आहे. त्या चार महिन्यांत १,२०० संभाषणं स्थिर आकारात मिळतात, वापरली जातात ७००. उरलेली ५०० पुढच्या महिन्यात जमा होत नाहीत, महिना संपला की वाया. काही कंपन्या वर्षभराचा एकत्र साठा विकतात आणि हंगामी ऑफिसला तो बरा पडतो. घेण्याआधी विचारून घ्यावं.

दुसरी पायरी: सीट कोणाला लागते ते प्रामाणिकपणे मोजा

नऊ सीटींचा वर्षाचा आगाऊ दर ६०,४८० रुपये होतो. त्याच्यापुढे ४५,००० स्वस्त दिसणारच. तिथेच भाचीने तुलना थांबवली होती.

मी तिला कागदावर नऊ जणांची नावं लिहायला लावली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: हा माणूस पाहुण्याला स्वतः उत्तर लिहितो का? बुकिंगवरचे तिघे लिहितात. भाची लिहिते. हिशोब बघणारी मुलगी आगाऊ रक्कम आली की पावती पाठवते, म्हणजे तीही लिहिते. खोल्या तपासायला फिरणारे दोघे लिहीत नाहीत. त्यांना सकाळी 'आज देवबागला तीन खोल्या, चेक-इन बारा वाजता' एवढा निरोप मिळाला की पुरे. जावईबापू होडीवाल्यांशी बोलणी करतात, ते तर संगणकाला हातही लावत नाहीत. उरला हंगामात येणारा पोरगा. त्याला सीट लागते, पण वर्षातले सहाच महिने: ऑक्टोबर ते जानेवारी आणि मग एप्रिल-मे.

म्हणजे नऊ नव्हे, पाच सीटी आणि हंगामात सहावी.

एक पळवाट सगळ्यांना सुचते, तिलाही सुचली: दोन सीटी घ्यायच्या आणि पासवर्ड सगळ्यांनी वाटून वापरायचा. बहुतेक कंपन्यांच्या अटींत हे बसत नाही, पण खरी अडचण रोजच्या कामात येते. पाहुण्याला 'खोली रिकामी आहे' असं कोणी कळवलं ते नोंदीत एकाच नावाने दिसतं. दोघं एकाच वेळी एकाच पाहुण्याला वेगवेगळे भाव सांगतात. आणि लॉगिनचा ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तो नेमका धामापूरला गेलेला असतो.

तिसरी पायरी: वर्षाची सूट खरंच सूट आहे का ते बघा

पाच सीटी वर्षाच्या आगाऊ दराने ३३,६०० रुपयांच्या होतात. सहावीचा गुंता असा, की वर्षाच्या करारात मध्ये वाढवलेली सीट सहसा करार संपेपर्यंत कमी करता येत नाही. वाढवायचं बटण असतं, कमी करायचं पुढच्या नूतनीकरणाला. त्यामुळे करार कोणत्या महिन्यात सुरू होतो याला महत्त्व येतं. ऑक्टोबरला सुरू केला तर सहावी सीट पावसाळ्यातही गळ्यात पडते आणि वर्षाचे ४०,३२० भरावे लागतात. १ जूनला सुरू केला तर ती ऑक्टोबरात वाढवायची, आठ महिन्यांचे ४,४८० भरायचे, आणि ३१ मे रोजी हंगामाबरोबर तीही संपते. एकूण ३८,०८०. तारीख हलवली एवढ्यानेच दोन हजारांवर वाचले.

पण जूनमध्ये ३३,६०० रुपये एकरकमी कुठून आणायचे? खोल्या रिकाम्या, घरांची डागडुजी निघालेली, मुलांच्या शाळा सुरू झालेल्या. म्हणून मग आम्ही महिन्याच्या ७०० रुपयांच्या दराने हिशोब केला. त्यात सीट दर महिन्याला कमी-जास्त करता येते. पावसाळ्यात बुकिंगवरचे दोघे भातलावणीला आपापल्या गावी जातात, तेव्हा तीनच सीटी पुरतात. सी रकान्यात त्या त्या महिन्याच्या सीटी लिहायच्या:

```
=C2*700
```

जून ते सप्टेंबर तीन सीटींचे ८,४००. फेब्रुवारी आणि मार्च पाच सीटींचे ७,०००. हंगामाच्या सहा महिन्यांत सहा सीटींचे २५,२००. एकूण ४०,६०० रुपये.

आगाऊ करारापेक्षा फक्त २,५२० जास्त. जाहिरातीतली २० टक्के सूट बारा महिने सारखं चालणाऱ्या ऑफिसला २० टक्केच पडते. चार महिने निम्म्यावर येणाऱ्या ऑफिसला ती सहा-सात टक्क्यांवर येते, कारण आगाऊ पैसे भरताना तुम्ही रिकाम्या खुर्च्यांचेही भरता. मला स्वतःलाही हा फरक इतका कमी असेल असं आधी वाटलं नव्हतं.

काही कंपन्या हे आपणहून करतात. ऑफिसातल्या निरोपांसाठीचं स्लॅक नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या काही सशुल्क योजनांत न वापरणाऱ्या सदस्यांचे पैसे खात्यात परत जमा होतात. पण हे सगळीकडे नसतं. रिकामी सीट सहसा आपल्यालाच शोधून काढावी लागते.

चौथी पायरी: 'संभाषण' म्हणजे काय, ते कंपनीच्या शब्दांत वाचा

आता मे महिन्याचं बिल. आमच्या मोजणीत १,४०० चौकशा होत्या, कंपनीच्या मोजणीत २,३०० संभाषणं. ९०० जास्तीची, म्हणजे ५,४०० रुपये. भाचीला वाटलं फसवणूक झाली. मी तिला बिलिंगच्या पानावरून वापराचा तपशील सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्यायला सांगितला आणि पाहुण्याच्या फोन नंबरप्रमाणे ओळी लावल्या. तीन-चार नंबर बघितल्यावरच उलगडा झाला.

एका पुण्याच्या पाहुण्याचं उदाहरण घ्या. सोमवारी सकाळी त्याने विचारलं, 'दोन खोल्या मिळतील का?' उत्तर गेलं. बुधवारी त्याने विचारलं, 'जेवणात शाकाहारी मिळेल ना?' शनिवारी निघताना, 'कुडाळ स्टेशनवरून रिक्षा मिळते का?' आमच्या लेखी ही एक चौकशी. कंपनीच्या व्याख्येत, शेवटच्या निरोपाला २४ तास उलटून गेल्यावर आलेला निरोप नवं संभाषण उघडतो. एका पाहुण्याची तीन संभाषणं झाली, अठरा रुपये. सगळे पाहुणे असे नसतात, बरेचजण एका दिवसात बोलणी संपवतात. मोजून बघितलं तर या कारणाने वाढलेली संभाषणं ३५० निघाली, म्हणजे आमच्या मोजणीच्या २५ टक्के.

उरलेली ५५० भाचीच्याच हातची. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिने जुन्या पाहुण्यांना एक सामूहिक निरोप पाठवला होता: पावसाआधी शेवटच्या काही खोल्या शिल्लक आहेत. त्यावर लोकांनी प्रेमाने उत्तरं दिली. 'धन्यवाद', 'पुढच्या वर्षी नक्की', हात जोडलेली चित्रं, दोघातिघांनी तर फुलांचा गुच्छ आणि सुप्रभात. प्रत्येक उत्तर एक नवं संभाषण, प्रत्येकी ६ रुपये. त्यातून बुकिंग आली चार.

शिवाय व्हॉट्सॲपचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळाच. व्यवसायांसाठीच्या व्हॉट्सॲप प्रणालीत पूर्वी संभाषणावर दर होता. १ जुलै २०२५ पासून तो पाठवलेल्या टेम्प्लेट निरोपागणिक, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातल्या निरोपागणिक झाला. पाहुण्याने आधी विचारलं आणि तुम्ही २४ तासांच्या आत साधं उत्तर दिलं तर पैसे पडत नाहीत. आपणहून पाठवलेल्या जाहिरातीच्या निरोपाला पडतात. हा खर्च सॉफ्टवेअर माणशी दराचं घ्या की वापरावरच्या दराचं, दोन्हीकडे लागतो. दर माणशी म्हटला म्हणजे बिल कायम तेवढंच राहील, हा समज इथे गळून पडतो.

सामूहिक निरोप वगळून, नुसती २५ टक्के वाढ धरून आम्ही पहिल्या पायरीचं सूत्र पुन्हा चालवलं. ४५,००० चे सुमारे ५५,४०० झाले. संभाषणं सव्वापट झाली तरी वर्षाचं बिल सव्वापटीला जरा कमीच पडलं, कारण पावसाळ्यात जवळपास नुसता स्थिर आकारच लागतो. पण ज्या महिन्यांत आधीच ३०० ची मर्यादा ओलांडलेली आहे तिथे वाढीचा एकेक आकडा पूर्ण किमतीचा पडतो.

घेण्याआधी हे तपासायची सोपी रीत आहे. चाचणीच्या महिन्यात आपली वही आणि कंपनीचा आकडा दर सोमवारी शेजारी शेजारी लिहा. दोन आठवड्यांत गुणोत्तर कळतं. भाचीकडे एप्रिलचा अख्खा महिना चाचणीचा होता आणि स्क्रीनवर आकडा रोज दिसत होता. बिल शून्य होतं म्हणून कोणी तिकडे बघितलंच नाही.

पाचवी पायरी: बरोबरीचा आकडा काढून भिंतीवर लावा

किती संभाषणांपर्यंत वापरावरचा दर परवडतो हे एका ओळीत निघतं. सीटींचा महिन्याचा खर्च घ्या, त्यातून स्थिर आकार वजा करा, संभाषणाच्या दराने भागा आणि फुकटची संभाषणं मिळवा. पाच सीटींचे ३,५०० धरले, तर ३,५०० वजा १,५०० म्हणजे २,०००. भागिले ६, सुमारे ३३३. त्यात ३०० मिळवले की ६३३. महिन्याला ६३३ च्या खाली संभाषणं असतील तर वापरावरचा दर स्वस्त, वर गेलं की सीटी स्वस्त.

मे महिन्यात ती २,३०० वर होती. पण हाच आकडा उलट बाजूनेही वाचता येतो, आणि वापरावरच्या दराला नावं ठेवून मोकळं होण्याआधी तो वाचलाच पाहिजे. समजा उद्या बावीस घरमालकांनी म्हटलं, आमच्या खोल्यांची बोलणी आम्हालाही दिसू द्या. मग पाचाच्या सत्तावीस सीटी होतात, महिना १८,९०० रुपये. वापरावरच्या दरात तीच माणसं फुकट बसतात आणि खर्च सरासरी ४,६०० च्या आसपासच राहतो. माणसं पुष्कळ, प्रत्येकाचं काम चिमूटभर, असं चित्र असेल तर माणशी दर घेणं चूकच. काही कंपन्या 'फक्त बघण्याच्या' सीटी फुकट देतात, तेही विचारून ठेवावं.

दोन्ही दर माणसांच्या वागण्यावरही परिणाम करतात. माणशी दरात मालक नव्या माणसाला लॉगिन द्यायला टाळाटाळ करतो आणि ती माहिती पुन्हा फोनवरून तोंडी फिरायला लागते. वापरावरच्या दरात मोजणीची धास्ती बसते. त्या बिलानंतर आठवडाभर बुकिंगवरची मुलं पाहुण्यांना 'फोन करा' असं लिहून मोकळी होत होती. संभाषणं कमी झाली आणि नोंदही कुठे राहिली नाही. सॉफ्टवेअर घेतलं कशासाठी होतं?

वापरावरचाच दर घ्यायचा असेल तर

तीन गोष्टी लेखी विचारा. वापर अमुक आकड्यावर गेला की ईमेल येईल का? महिन्याची कमाल मर्यादा लावता येईल का? आणि मर्यादा गाठल्यावर काय होतं, निरोप येणं थांबतं की दर वाढतो? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. नाताळच्या आठवड्यात मर्यादा लागून निरोप अडले तर वाचलेल्या पैशांपेक्षा गेलेल्या बुकिंगचं नुकसान मोठं. त्यामुळे इशारा लावावा आणि कठोर मर्यादा हंगामात तरी लावू नये, असं माझं मत.

वरचे सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत. १८ टक्के जीएसटीची वजावट तुम्हाला मिळते की नाही ते सीएला विचारा. मिळत नसेल तर दोन्ही बाजूंना १८ टक्के चढवून मगच तुलना करा. दर डॉलरमध्ये असेल तर कार्डाचं विनिमय शुल्कही त्यात धरा.

शेवटी काय केलं

भाचीने महिन्याची माणशी योजना घेतली, जूनपासून तीन सीटींची. सीट काढताना एक काळजी घ्यावी लागते. माणूस 'डिलीट' करायचा नाही, 'डिॲक्टिव्हेट' करायचा, आणि त्याआधी त्याच्या नावावरची उघडी बोलणी दुसऱ्याच्या नावावर करायची. नाहीतर ती कोणाच्याच यादीत दिसत नाहीत आणि पाहुणा वाट बघत बसतो. आम्ही दोघांच्या नावावरची अकरा बोलणी भाचीच्या नावावर केली. त्यातलं एक गणपतीनंतर येणाऱ्या नाशिकच्या कुटुंबाचं होतं आणि चार दिवस त्याला कोणी उत्तर दिलेलं नव्हतं.

ही योजना लक्षात ठेवण्यावर चालते, हा तिचा कच्चा दुवा. जूनमध्ये सीटी कमी करायच्या राहिल्या तर तीन सीटींचे २,१०० त्या एका महिन्यात जातात. बिल १ तारखेला निघतं, म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आम्ही २८ जानेवारी, २८ मार्च, २८ मे आणि २८ सप्टेंबर या तारखांना लाल गोल केले आणि प्रत्येकाखाली नुसता आकडा लिहिला: ५, ६, ३, ६. हिशोब बघणाऱ्या मुलीने विचारलं, "ह्यो कसलो आकडो?" भाची म्हणाली, "खुर्चेचो."